निवासी योगशिबिराचा आगमन-संदेश: दिनक्रम, मौन, जेवण आणि सामान नेमकं कसं कळवायचं

शिबिराला येणाऱ्यांना पाठवलेल्या संदेशात सहसा सगळं असतं. पत्ता असतो, दिनक्रम असतो, मौनाचे नियम आणि सामानाची यादीही असते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाच्या दारात रांग लागतेच. थायरॉइडची गोळी कधी घेऊ? घरून तातडीचा निरोप आला तर मला कसा कळेल? फोन जमा केला, आता पहाटे उठू कसा? याचं कारण असं की संदेशात नियम लिहिलेला असतो, पण तो पाळताना कुठे अडेल आणि अडल्यावर काय करायचं, हे लिहिलेलं नसतं. मौनाच्या शिबिरात ही उणीव जास्त महागात पडते, कारण ज्याला अडचण आहे तोच बोलायचं नाही म्हणून गप्प बसतो.

उदाहरणासाठी एकच शिबिर धरू. पवना धरणाच्या परिसरात, हिवाळ्यात, गुरुवार दुपार ते सोमवार सकाळ. चार मुक्काम, २४ शिबिरार्थी, दोघांत एक खोली. रोज रात्री मौन आणि मध्ये एक संपूर्ण मौनाचा दिवस. तुमच्या शिबिराची जागा आणि दिवस वेगळे असतील, पण संदेश बांधायची रीत हीच.

आधी जेवणाच्या वेळा, मग दिनक्रम

बरेच संयोजक आधी सत्रं मांडतात आणि उरलेल्या फटींत जेवण बसवतात. उलट करा. आसनांच्या आधी पोट हलकं हवं. पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावे लागतात. हे अंतर पाळलं नाही तर पुढे वाकताना आंबट ढेकर येतात, पीळ देणारी आसनं करताना मळमळतं आणि शवासनात अर्धा वर्ग घोरतो. शिक्षकाला वाटतं वर्ग आळसावला आहे. खरं तर जेवण उशिरा वाढलेलं असतं.

आपल्या शिबिरात दुपारचं जेवण १२.३० ला सुरू होऊन १.१५ ला संपतं. म्हणजे संध्याकाळचं आसनांचं सत्र ४.४५ च्या आधी घेता येत नाही. ते ६ ला संपेल, रात्रीचं जेवण ७ ला, आणि ७.४५ ला स्वयंपाकघर बंद. ८.१५ ते ९ योगनिद्रा, ९ ला मौन, ९.३० ला दिवे बंद. सकाळी ५.१५ ला घंटा, ५.३० ला कोमट पाणी आणि शुद्धिक्रिया, ६.१५ ते ७.४५ आसनं, ८.१५ पर्यंत प्राणायाम, ८.३० ला नाश्ता. १० ते १२ हा वेळ व्याख्यान किंवा बसून करायच्या अभ्यासाचा, कारण नाश्त्यानंतर तेवढ्या वेळात आसनांना पोट तयार झालेलं नसतं.

यात घोळ होतो तो चार वाजताच्या चहाने. चहा म्हटला की बिस्किटं, चिवडा आलाच, आणि पाऊण तासाने लोक आसनांना उभे राहतात. म्हणून पेय सत्राच्या नंतर ठेवा: ६ वाजून ५ मिनिटांनी गवती चहाचा काढा, सोबत दोन खजूर. आणि संदेशात सरळ लिहा, “दुपारी १.१५ नंतर संध्याकाळच्या सत्रापर्यंत खाणं नाही, पाणी चालेल.” हे लिहिलं नाही तर लोक बॅगेतला लाडू काढतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

वेळ लिहिताना सुरुवात आणि शेवट दोन्ही द्या. “नाश्ता ८.३०” यातून वाढप कधी संपणार हे कळत नाही. “नाश्ता ८.३० ते ९, त्यानंतर भांडी उचलली जातात” यातून कळतं.

चहाचं आठवडाभर आधी सांगा

शिबिरात चहा-कॉफी देणार नसाल तर ही गोष्ट आल्यावर सांगून उपयोग नाही. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने तो एकदम बंद केला की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, आणि पहिल्या दोन दिवसांत ते सर्वांत जास्त दुखतं. सोबत चिडचिड, झोपाळूपणा, कधी मळमळ. आता आपल्या वेळापत्रकावर हे बसवून बघा. शेवटचा चहा गुरुवारी सकाळी घरी झाला. शुक्रवारी डोकं दुखू लागलं. शनिवारी, म्हणजे नेमकं संपूर्ण मौनाच्या दिवशी, ते ठणकतंय. माणसाला वाटतं मौन आपल्याला सोसत नाही, नाहीतर शीर्षासनाने काहीतरी झालं. कोणी शनिवारीच सामान बांधतो.

उपाय सोपा आहे. दहा दिवस आधीच्या संदेशात लिहा: “दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. चार कप घेत असाल तर दोन दिवस तीन, मग दोन दिवस दोन, मग दोन दिवस एक. तरीही डोकं दुखलं तर ते चहा सुटल्यामुळे असू शकतं. मौनात असलात तरी व्यवस्थापकांना येऊन सांगा.” माझ्या मते पहिले दोन दिवस सकाळी अर्धा कप चहा ठेवला तर काही बिघडत नाही, पण मग तोही वेळेसकट संदेशात यायला हवा.

औषधं, आणि गप्प बसण्याचा धोका

रात्री ७.४५ ला जेवण संपलं आणि सकाळी ८.३० ला नाश्ता, म्हणजे जवळपास पावणेतेरा तास पोट रिकामं आणि त्यात दोन तास अभ्यास. धडधाकट माणसाला याचा त्रास नाही. पण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर अशा वेळी खाली जाऊ शकते. हातांना थरथर, गार घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. ही लक्षणं दिसत असतानाही मौन मोडायला नको म्हणून माणूस चटईवर बसून राहिला तर प्रसंग गंभीर होतो.

म्हणून मधुमेहींना “डॉक्टरांचा सल्ला घ्या” एवढंच लिहू नका. जेवणाच्या नेमक्या वेळा पाठवा आणि सांगा की हेच वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून डोस आणि वेळ विचारून या. शिबिराच्या बाजूने दोन सोयी लागतात: ज्याला गरज आहे त्याला पहाटे ५.३० ला एक केळं किंवा दूध, आणि सभागृहात दारापाशी साखर, चमचा, पाणी. लक्षणं दिसली की तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं, नाही वाटलं तर पुन्हा साखर द्यायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढायची. जवळचं रुग्णालय कुठलं आणि गाडी रात्री कोण काढणार, हे शिबिर सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी नुसत्या पाण्याबरोबर घेतात. ५.१५ च्या घंटेला घेतली की जमतं, फक्त तिच्यावर लगेच केळं किंवा दूध घेऊ नये. रक्तदाब, काचबिंदू, स्लिप डिस्क, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण हे आधी कळलं तर शिक्षक उलटी आसनं आणि जोराचे श्वसनप्रकार वगळू शकतात. ही माहिती ग्रुपवर मागू नका. कोणीही चारचौघांत मूळव्याध लिहीत नाही. एका व्यक्तीचा नंबर द्या आणि “फक्त यांना वैयक्तिक कळवा” असं लिहा.

उपास विचारल्याशिवाय आचाऱ्याला आकडा देऊ नका

खाण्याची आवड-निवड सगळे विचारतात, उपास विचारायचा राहून जातो. गुरुवार करणारे आपल्या शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी असतील. एकादशी आली तर निम्मी पंगत वेगळी. सर्वांत अवघड संकष्टी चतुर्थी, कारण तो उपास चंद्रोदयानंतर सुटतो आणि त्या रात्री चंद्र साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. आपलं स्वयंपाकघर ७.४५ ला बंद, मौन ९ ला, दिवे ९.३० ला. म्हणजे उपासकऱ्याचं ताट कोण वाढणार हा प्रश्न त्या रात्री अंधारात उभा राहतो.

तारखा ठरवतानाच पंचांग बघा. संकष्टी टळत नसेल तर किती जणांची आहे ते आधी घ्या, ताटं झाकून ठेवा, भोजनगृहाचा एक दिवा चालू ठेवा आणि संदेशात त्या दिवसाच्या चंद्रोदयाची वेळ लिहून टाका. जैन जेवण, गव्हाचं वावडं, शेंगदाण्याची ॲलर्जी हेही याच प्रश्नासोबत विचारा. शेंगदाण्याचं विशेष महत्त्वाचं: आपल्याकडे कूट कोशिंबिरीत आणि भाजीत न सांगता पडतो.

मौन: कधीपासून, कधीपर्यंत, कशाचं

“शिबिरात मौन पाळावे” या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणाला वाटतं फक्त सभागृहात, कोणी खोलीत कुजबुजतो, कोणी चिठ्ठ्या लिहितो. चार गोष्टी स्पष्ट करा.

पहिली, घड्याळ. रोज रात्री ९ पासून दुसऱ्या दिवशी नाश्ता संपेपर्यंत, म्हणजे ९ पर्यंत. संपूर्ण मौन शुक्रवार रात्री ९ ते रविवार सकाळी ९. ते शेवटच्या दिवसाला चिकटवू नका. दीड दिवस गप्प राहिलेल्या माणसाने लगेच घाटात गाडी चालवावी, फोनवर सतरा निरोप वाचावेत हे बरं नाही. इगतपुरीसारख्या विपश्यना केंद्रांतही दहा दिवसांच्या शिबिरात मौन दहाव्या दिवशी सुटतं आणि साधक अकराव्या सकाळी घरी जातात. मधला तो दिवस मुद्दाम ठेवलेला आहे. आपल्या शिबिरात तेच काम रविवार करतो.

दुसरी, कशाचं मौन. बोलणं, खाणाखुणा, चिठ्ठ्या, फोन, आणि तुमचा आग्रह असेल तर वाचनही. वाचनाबद्दल हो किंवा नाही, एक काहीतरी लिहा. न लिहिल्यास निम्मे पुस्तक आणतात आणि निम्मे त्यांच्याकडे रागाने बघतात. भोजनगृहात मीठ हवं असेल तर काय करायचं? मीठ, लिंबू, तूप प्रत्येक पंगतीत हाताच्या अंतरावर ठेवा, आणि “पोळी नको” साठी ताटावर आडवा हात धरा असं सांगा. एवढी एक खूण ठरली की बाकीच्या खुणा आपोआप थांबतात.

तिसरी, मौन कुठे लागू नाही. शिक्षकांना अभ्यासातली शंका विचारणं, व्यवस्थापकांना गरज सांगणं, दुखापत, आजारपण, आग किंवा साप दिसणं. आसनात कुठे कळ आली तर हात वर करा, आणि चक्कर येत असेल तर लगेच खाली बसा व मोठ्याने हाक मारा. “मोठ्याने हाक मारा” हे शब्द संदेशात असलेच पाहिजेत.

चौथी, घर. फोन जमा होणार असेल तर घरच्यांकडे दुसरा नंबर हवा, आणि तो रात्रीही उचलला जाणारा हवा. लहान मुलं किंवा आजारी आई-वडील मागे ठेवून आलेल्यांसाठी रोज दुपारी १.३० ते २ व्यवस्थापकांच्या फोनवरून एक फोन करायची सोय ठेवा, संपूर्ण मौनाच्या दिवशीही. ही सोय नसली की फोन उशीखाली दडवले जातात. नवरा-बायको एकत्र येत असतील तर मौनाच्या रात्री वेगळ्या खोल्यांत राहणं सोपं जातं; हे विचारा, लादू नका. आणि घोरणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच सांगावं अशी विनंती करा. बरेच जण मोकळेपणाने सांगतात.

सामानाची यादी कारणासकट

कारण लिहिलं तर लोक वस्तू आणतात. “शाल” लिहिलं की राहून जाते. “पहाटे सभागृहाची फरशी थंडगार असते, प्राणायाम आणि शवासनाला अंगावर घ्यायला शाल” असं लिहिलं की येते. मावळात डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाका असतो, मुंबईहून येणाऱ्याला त्याचा अंदाज नसतो.

कपडे सैल आणि सुती. दिवसाला दोन सत्रं, म्हणून तीन जोड कमीत कमी; हिवाळ्यात धुतलेला कपडा एका दिवसात वाळतो, पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा पाच सांगा. चटई ४ ते ६ मिलिमीटर जाडीची, त्याहून मऊ चटईवर उभ्या आसनांत पाय डगमगतो. वर अंथरायला सुती चादर.

घड्याळ किंवा साधं गजराचं घड्याळ. हे यादीत नसेल तर “गजरासाठी ठेवतो” म्हणून निम्मे फोन खोलीत राहतात. टॉर्च, कारण तोही फोनमध्येच होता. औषधं शिबिराचे दिवस अधिक दोन दिवसांची, मूळ पाकिटात. पायात पटकन घालता-काढता येणारी चप्पल. पाण्याची बाटली, टॉवेल, साबण, डासांचं मलम, सॅनिटरी पॅड, खोलीसाठी छोटं कुलूप. ओळखपत्राची प्रत. थोडी रोख रक्कम, कारण रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

आणू नये त्यातही कारण द्या. उग्र अत्तर नको, प्राणायामात शेजाऱ्याचा श्वास अडतो. खाऊ नको, माकडं आणि मुंग्या येतात. चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. मौनात पहाटे पाच वाजता एक पिशवी उघडली की आजूबाजूच्या तीन खोल्या जाग्या होतात. मांडी घालून बसता येत नसेल तर आधी कळवा, खुर्ची ठेवू.

पोहोचण्याचा भाग

नकाशाची खूण जलाशयाच्या पलीकडच्या काठावर तर जात नाही ना, हे स्वतः गाडीने जाऊन तपासा. शेवटचं वळण शब्दांत लिहा: कोणती कमान, कोणतं देऊळ, डावीकडे की उजवीकडे. रेंज जाते तिथे नकाशा उघडत नाही, म्हणून “कामशेत सोडण्यापूर्वी नकाशा उतरवून ठेवा” असं सांगा. पुणे-लोणावळा लोकलने येणाऱ्यांनी दुपारच्या गाड्यांची वेळ आदल्या दिवशी बघावी, त्या वेळात फेऱ्या कमी असतात.

पोहोचण्याची वेळ २ ते ५, आणि ५.३० ची माहिती-बैठक चुकवू नये असं ठळक लिहा, कारण मौनाचे सगळे प्रश्न तिथे सुटतात. उशीर होणारच असेल त्यांच्यासाठी एक ओळ: ८ नंतर आल्यास जेवून या, फाटकापाशी फोन करा, खोलीत आवाज न करता जा.

तीन संदेश आणि एक कागद

सगळं एका संदेशात कोंबलं तर वाचलं जात नाही. दहा दिवस आधी आरोग्य, उपास, चहा. तीन दिवस आधी सामान आणि प्रवास. आदल्या संध्याकाळी खालचा संदेश. ग्रुपवर फक्त संयोजकांनाच लिहिता येईल अशी सोय लावा, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली वेळापत्रक गाडलं जातं. पीडीएफपेक्षा साधा मजकूर बरा, वयस्कर मंडळींना तो उघडावा लागत नाही. आणि फोन जमा केल्यावर हा संदेश कोणालाच दिसणार नाही, म्हणून त्याची छापील प्रत प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

> नमस्कार. उद्या, गुरुवारी, दुपारी २ ते ५ दरम्यान पोहोचा. ५.३० ची बैठक चुकवू नका. ८ नंतर येणार असाल तर जेवून या आणि फाटकापाशी व्यवस्थापकांना फोन करा.
>
> रोज: ५.१५ घंटा. ५.३० कोमट पाणी, शुद्धिक्रिया. ६.१५ ते ८.१५ आसनं व प्राणायाम. ८.३० ते ९ नाश्ता. १० ते १२ अभ्यासवर्ग. १२.३० ते १.१५ जेवण. नंतर विश्रांती. ४.४५ ते ६ आसनं. ६.०५ काढा. ७ ते ७.४५ जेवण. ८.१५ ते ९ योगनिद्रा. ९.३० दिवे बंद.
>
> मौन: रोज रात्री ९ ते सकाळी ९. संपूर्ण मौन शुक्रवार रात्री ९ ते रविवार सकाळी ९. त्यात बोलणं, खुणा, चिठ्ठ्या, वाचन नाही. शिक्षक आणि व्यवस्थापक यांच्याशी गरजेपुरतं केव्हाही बोला. चक्कर, घाम, छातीत दुखणं असं काही वाटलं तर मोठ्याने हाक मारा.
>
> फोन गुरुवारी ६.३० ला जमा, रविवारी दुपारी ४ ला परत. घरच्यांना व्यवस्थापकांचा नंबर आजच द्या. घरी फोन करायचा असेल तर रोज १.३० ते २ कार्यालयात या.
>
> सोबत: शाल, गजराचं घड्याळ, टॉर्च, औषधं (दोन दिवसांची जास्त), चटई, चादर, सैल कपडे, ओळखपत्राची प्रत, थोडी रोख रक्कम. खाऊ आणि अत्तर नको.
>
> सोमवारी ८.३० ला नाश्ता, १० पर्यंत खोल्या रिकाम्या.

हा मजकूर पाठवण्याआधी शिबिराशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या आणि तीन प्रश्न विचारा: शनिवारी सकाळी दहा वाजता बोलता येईल का, सकाळची गोळी किती वाजता घेशील, घरच्यांनी कोणाला फोन करायचा. उत्तर देताना ती जिथे अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा.